कावीळ नेमकी कुठे अडलीय? बिलिरुबिनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे कावीळचे रिपोर्ट रोज डोळ्याखालून जातात आणि रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं काय विचारतात तेही पाठ झालंय. बहुतेक जण फक्त टोटल बिलिरुबिनचा आकडा बघतात, ३ आहे की १३, आणि त्यावरून घाबरायचं की नाही ते ठरवतात. पण गिल्बर्ट नावाचा जन्मजात, निरुपद्रवी प्रकार असलेल्याचा ३ आणि पित्तनलिकेत खडा अडकलेल्याचा ३ यात खूप फरक आहे, एकाला काहीच करायचं नसतं आणि दुसऱ्याला आठवडाभरात ऑपरेशन टेबलवर जावं लागू शकतं. कावीळ लिव्हरच्या आधी सुरू झालीय, लिव्हरमध्ये की लिव्हरच्या पुढे, हे ओळखायचं कसं ते इथे लिहिलंय. निदान अर्थातच डॉक्टर करतील, पण ते काय आणि का विचारतायत हे तरी समजेल.

बिलिरुबिन मुळात येतं कुठून?

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग म्हाताऱ्या झाल्या की प्लीहेतल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी त्यांना गिळतात. आतलं हिमोग्लोबिन फुटतं, ग्लोबिनची अमिनो आम्लं होऊन परत वापरात जातात, लोखंड काढून साठवलं जातं, आणि हीमचा जो सांगाडा उरतो त्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं आणि मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार लागल्यावर काळं-निळं झालेलं कातडं नंतर हिरवट आणि मग पिवळं पडतं ना, ती हीच प्रक्रिया, फक्त कातडीखाली डोळ्यांना दिसेल अशी चाललेली.

मोठ्या माणसात रोज साधारण २५० ते ३०० मिलीग्रॅम बिलिरुबिन तयार होतं, त्यातलं ८० टक्के या म्हाताऱ्या पेशींमधलं आणि बाकीचं मज्जेत अर्धवट बनून मोडलेल्या पेशी आणि इतर हीमवाली प्रथिनं यांच्यातलं. म्हणजे बिलिरुबिन असणं हा आजार नाही, ते रोज बनतंच. ते बनतं तेवढं बाहेर गेलं पाहिजे, एवढंच.

लिव्हरमध्ये गेल्यावर त्याचं काय होतं?

सगळा विषय इथेच कळतो, त्यामुळे हे जरा नीट वाचा. नवीन बनलेलं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून जाताना ते अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून जातं. अल्ब्युमिन मोठं असल्यामुळे किडनीच्या गाळणीतून पडत नाही, त्यामुळे हे बिलिरुबिन रक्तात कितीही वाढलं तरी लघवीत उतरत नाही.

लिव्हरची पेशी त्याला अल्ब्युमिनपासून सोडवून आत ओढून घेते, हे पहिलं काम. आत गेल्यावर यूजीटी१ए१ नावाचं एन्झाइम त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि ते पाण्यात विरघळणारं होतं, हे दुसरं काम, याला कॉन्ज्युगेशन म्हणतात. मग हे विरघळणारं बिलिरुबिन लिव्हरची पेशी आपल्या दुसऱ्या बाजूने, पित्ताच्या बारीक नळीत ढकलते, हे तिसरं काम. ढकलायला ताकद लागते कारण पित्तात बिलिरुबिन आधीच खूप दाट असतं, आणि तीन कामांतलं सगळ्यात नाजूक काम हेच आहे. लिव्हर आजारी पडलं की पहिलं हेच ढेपाळतं, हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पित्तातून ते पित्तनलिकेत, तिथून आतड्यात. आतड्यातले जंतू त्याचं युरोबिलिनोजेन करतात, त्यातलं बहुतेक पुढे स्टर्कोबिलिन होतं आणि संडासला तपकिरी रंग येतो तो त्याचाच. थोडं युरोबिलिनोजेन आतड्यातून परत रक्तात शोषलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं लिव्हर पुन्हा पकडतं आणि अगदी थोडं निसटून लघवीत जातं. त्यामुळे निरोगी माणसाच्या लघवीत युरोबिलिनोजेन थोडं असतं आणि बिलिरुबिन सापडत नाही.

रिपोर्टवर डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असं का लिहिलेलं असतं?

डायरेक्ट म्हणजे ढोबळमानाने लिव्हरने कॉन्ज्युगेट केलेलं, इनडायरेक्ट म्हणजे अजून न केलेलं. मशीन टोटल आणि डायरेक्ट मोजतं आणि इनडायरेक्ट वजाबाकी करून लिहिलं जातं. टोटल साधारण १.२ मिलीग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात (रिपोर्टवरचे सगळे आकडे एका डेसीलीटर रक्तामागे असतात), डायरेक्ट ०.३ पर्यंत. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा दिसायला टोटल २ ते ३ च्या पुढे जावं लागतं आणि तोही दिवसाच्या उजेडात बघितला तरच, पिवळ्या बल्बखाली काहीही ठरवू नका.

लिव्हरच्या आधीची कावीळ म्हणजे काय?

म्हणजे लिव्हर ठणठणीत आहे पण त्याच्याकडे माल प्रमाणाबाहेर येतोय. तांबड्या पेशी लवकर फुटतायत, याला हिमोलिसिस म्हणतात. कारणं बरीच, सिकल सेल, थॅलेसेमिया, पेशींचा आकार जन्मतः गोलसर असणं, जी६पीडी एन्झाइमची कमतरता, मलेरिया, स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होणं, चुकीच्या गटाचं रक्त चढणं.

इथे वाढतं ते इनडायरेक्ट. आणि ते लघवीत जात नाही, म्हणून डोळे पिवळे पण लघवीत बिलिरुबिन निगेटिव्ह. उलट आतड्यात बिलिरुबिन जास्त पोचतंय म्हणून युरोबिलिनोजेन वाढतं आणि संडासचा रंग नेहमीसारखा किंवा जरा गडदच राहतो. सोबत हिमोग्लोबिन कमी, रेटिक्युलोसाइट म्हणजे नवीन पेशी जास्त कारण मज्जा भरपाई करायला धावतेय, पेशी फुटल्या की बाहेर सांडणारं एलडीएच वाढलेलं, मोकळं हिमोग्लोबिन पकडणारं हॅप्टोग्लोबिन खाली गेलेलं. हे सगळं जुळलं की चित्र पक्कं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चांगल्या लिव्हरची ताकद रोजच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे नुसतं हिमोलिसिस असेल आणि ते बरेच दिवस चाललेलं असेल तर टोटल सहसा ४-५ च्या वर जात नाही. हिमोलिसिसच्या पेशंटचं टोटल १२ आलं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त डायरेक्ट निघालं, तर "पेशी फुटतायत म्हणून वाढलं" एवढ्यावर थांबायचं नाही. अशा पेशंटमध्ये वर्षानुवर्षं जास्त बिलिरुबिन पित्तात जात असतं आणि त्याचे काळे खडे गॉल ब्लॅडरमध्ये बनतात, त्यातला एखादा घसरून नलिकेत अडकला की लिव्हरच्या आधीच्या आजारावर लिव्हरच्या पुढचं ब्लॉकेज चढतं. सिकल सेलच्या तरुण मुलामुलींमध्ये हे होतं आणि सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येत नाही.

पण हिमोलिसिसमध्ये लघवी कोलासारखी काळी झाली असं ऐकलंय, मग ती बिलिरुबिनने नाही का?

नाही, ते हिमोग्लोबिन असतं. पेशी प्लीहेत न फुटता थेट रक्तवाहिनीतच धडाधड फुटल्या, जसं जी६पीडीच्या अटॅकमध्ये होतं, तर मोकळं हिमोग्लोबिन किडनीतून लघवीत उतरतं. पट्टी बुडवली की रक्ताचा चौकोन पॉझिटिव्ह येतो, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर तांबड्या पेशी दिसत नाहीत, आणि बिलिरुबिनचा चौकोन कोराच. गडद लघवी दिसली की लगेच लिव्हर असं धरू नका ते एवढ्यासाठीच. आणि ही लघवी झाली असेल तर घरी थांबायचं नाही, कारण किडनीवर ताण येतो आणि हिमोग्लोबिन काही तासांत बरंच खाली जाऊ शकतं.

माझं टोटल २.४, डायरेक्ट ०.४, बाकी सगळं नॉर्मल. कावीळ आहे का?

बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. यूजीटी१ए१ एन्झाइम जन्मतःच कमी बनतं, नॉर्मलच्या साधारण ३० टक्के काम करतं, बाकी लिव्हर पूर्ण ठीक. उपास, जागरण, ताप, खूप व्यायाम झाला की इनडायरेक्ट वाढतं आणि आपोआप उतरतं. लोकसंख्येतल्या ३ ते १० टक्के लोकांमध्ये असतं, त्यामुळे हे रिपोर्ट आम्हाला सतत दिसतात, आणि वाईट याचं वाटतं की कित्येक लोक त्यासाठी वर्षभर लिव्हर टॉनिक घेत असतात. त्याची काही गरज नसते. फक्त गिल्बर्ट म्हणायच्या आधी हिमोलिसिस नाही याची खात्री करा, म्हणजे सीबीसी, रेटिक काउंट आणि एलडीएच नॉर्मल पाहिजेत, आणि कॅन्सरचं इरिनोटेकॅन नावाचं औषध कधी द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा कारण ते याच एन्झाइमने निकामी होतं.

डायरेक्ट वाढलंय म्हणजे कुठेतरी ब्लॉकेज आहे, बरोबर ना?

चूक, आणि हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. वर म्हटलं तसं, लिव्हरची पेशी आजारी पडली की तिचं पहिलं ढेपाळतं ते पित्तात ढकलण्याचं काम. कॉन्ज्युगेशन बरेचदा बऱ्यापैकी चालूच असतं. म्हणजे पेशी डायरेक्ट बनवतेय पण बाहेर ढकलू शकत नाही, मग ते उलट रक्तात झिरपतं. त्यामुळे साध्या हिपॅटायटिस ए किंवा ई मध्येही टोटलच्या निम्मं किंवा त्याहून जास्त डायरेक्टच असतं, आणि नलिकेत कुठेही अडथळा नसतो.

डायरेक्ट वाढलंय याचा अर्थ एवढाच की गडबड कॉन्ज्युगेशनच्या पुढे आहे. ती पेशीतच आहे की नलिकेत हे त्या आकड्यावरून कळत नाही, त्यासाठी एन्झाइम आणि सोनोग्राफी लागतात.

मग लिव्हरमधली कावीळ ओळखायची कशी?

पेशी मरतायत का ते एसजीपीटी सांगतं, कारण ते एन्झाइम पेशीच्या आत असतं आणि पेशी फुटली की बाहेर सांडतं. ते १००० च्या वर असेल तर बहुतेक वेळा व्हायरस, औषधाचं विष (पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस धरून) किंवा लिव्हरला रक्तपुरवठा अचानक कमी पडणं यातलं काहीतरी असतं. दारूच्या हिपॅटायटिसमध्ये मात्र माणूस गंभीर असला तरी एन्झाइम ३०० च्या आतबाहेर असतात आणि एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त असतं, म्हणून नुसत्या आकड्याच्या मोठेपणावर जाऊ नका.

व्हायरल हिपॅटायटिसमध्ये लघवीच्या पट्टीवर रोज बघितलं तर आजाराचा प्रवास दिसतो. आधी काही दिवस भूक गेलेली, मळमळ, अंगात कणकण, डोळे अजून पांढरेच, पण लघवीत बिलिरुबिन आलेलं असतं कारण डायरेक्ट थोडं वाढलं तरी किडनी ते बाहेर टाकायला लागते. याच सुमारास युरोबिलिनोजेनही वाढतं, कारण आतड्यातून परत आलेलं पकडायची ताकद आजारी लिव्हरमध्ये नाही. मग कावीळ जोरात असताना पित्त आतड्यात फारसं पोचतच नाही, संडास थोडे दिवस फिकट होते आणि युरोबिलिनोजेन गायब होतं. ते पुन्हा दिसायला लागलं की लिव्हरचा रस्ता उघडतोय, आणि डोळे अजून पिवळे असले तरी पेशंटला भूक लागायला लागलेली असते.

एसजीपीटी २२०० वरून ३०० वर आलं, म्हणजे बरं होतंय ना?

बहुतेक वेळा हो. पण बिलिरुबिन आणि आयएनआर काय करतायत ते बघितल्याशिवाय आनंद करू नका. रक्त गोठायला लागणारे घटक लिव्हर बनवतं आणि ते पुरेसे बनत नसतील तर आयएनआर वाढतो. एसजीपीटी खाली, बिलिरुबिन वर आणि आयएनआर वर, असं तिन्ही एकत्र दिसलं तर एसजीपीटी कमी झालंय ते सांडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून असू शकतं. त्यात पेशंट झोपाळू झाला, बडबडायला लागला, दिवस-रात्रीचं भान गेलं तर ही लिव्हर फेल्युअरची लक्षणं आहेत, रात्रीचे तीन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, शक्यतो जिथे लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय आहे तिथे. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला असेल, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर हे फार वेगाने होऊ शकतं.

लिव्हरच्या पुढची कावीळ म्हणजे?

पेशीने आपलं काम केलंय पण पित्ताची मोठी नलिका बंद आहे. नेहमीची कारणं म्हणजे नलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर, नलिकेचाच कॅन्सर, किंवा आधीच्या ऑपरेशननंतर नलिका आकसणं.

पित्त आतड्यात पोचत नाही त्यामुळे संडास मातकट पांढरी, चिकणमातीसारखी होते. लघवी गडद, कारण डायरेक्ट किडनीतून निघतंय. अंगाला खाज सुटते, तळहात-तळपायांना जास्त आणि रात्री जास्त, आणि ही खाज बिलिरुबिनमुळे येत नाही, पित्तातले इतर पदार्थ रक्तात साचतात त्याचा संबंध आहे, म्हणून बिलिरुबिन कमी असतानाही खाज भयंकर असू शकते. पित्ताशिवाय चरबी पचत नाही आणि चरबीसोबत येणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, त्यामुळे आयएनआर इथेही वाढतो, पण कारण वेगळं. एन्झाइममध्ये अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी जास्त चढतात.

घरी लघवीवरून काही कळतं का?

थोडं कळतं. पारदर्शक बाटलीत ताजी लघवी घ्या, झाकण लावून जोरात हलवा आणि फेस बघा. पाणी कमी प्यायल्याने गडद झालेल्या लघवीचा फेस पांढरा असतो, बिलिरुबिन असेल तर फेसही पिवळा येतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, रिफॅम्पिसिनने नारिंगी-लाल होते, त्यामुळे कुठली औषधं चालू आहेत ते आधी आठवा.

लॅबला देताना मात्र एक करा, सॅम्पल ताजं द्या आणि उन्हात ठेवू नका. बिलिरुबिन आणि युरोबिलिनोजेन दोन्ही उजेडात मोडतात. सकाळी सहाला घेतलेली बाटली खिडकीत ठेवून अकराला आणून दिली की पट्टी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग सगळा तर्क चुकीच्या दिशेने जातो.

एखादी केस पूर्ण उलगडून सांगाल का?

समजा ४८ वर्षांची बाई आहे. महिनाभर उजवीकडे बरगडीखाली अधूनमधून दुखतंय, जेवणानंतर तासाभराने कळ येते आणि जाते. दहा दिवसांपासून संडास फिकट, लघवी चहासारखी, तीन दिवसांपासून डोळे पिवळे, आणि काल रात्री जोरदार कळ येऊन उलट्या झाल्या. ताप नाही.

पहिला रिपोर्ट: टोटल ८.२, डायरेक्ट ६.४, एसजीपीटी ३८०, अल्कलाइन फॉस्फटेज ४२०, हिमोग्लोबिन १२.८, आयएनआर १.५. लघवीत बिलिरुबिन तीन प्लस, युरोबिलिनोजेन जवळपास नाही.

लघवीत बिलिरुबिन आहे म्हणजे वाढलंय ते डायरेक्ट, आणि हिमोग्लोबिनही चांगलं आहे, त्यामुळे लिव्हरच्या आधीचा विषय बाजूला झाला. आता पेशी की नलिका? एसजीपीटीची वरची मर्यादा ४० धरली तर ३८० म्हणजे साडेनऊ पट. अल्कलाइन फॉस्फटेजची १२० धरली तर ४२० म्हणजे साडेतीन पट. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की २.७ येतं. हे गुणोत्तर ५ किंवा जास्त असेल तर पेशींचा आजार, २ किंवा कमी असेल तर पित्त अडलंय, मधे असेल तर मिश्र. म्हणजे आकडा काहीच ठामपणे सांगत नाही, आणि इथे घाईने "हिपॅटायटिस असेल, आराम करा" असं म्हटलं जाण्याची भीती असते.

पण काल रात्रीची कळ विसरायची नाही. खडा नलिकेत अचानक अडकला की पहिल्या एक-दोन दिवसांत मागे दाब वाढून एसजीपीटी उसळतं, कधीकधी १००० च्या आसपासही जातं, आणि मग झपाट्याने उतरतं. अल्कलाइन फॉस्फटेजचं उलट, ते पेशीला नव्याने बनवावं लागतं म्हणून सावकाश चढतं. दोन दिवसांनी पुन्हा तपासलं तर एसजीपीटी १६०, म्हणजे चार पट, आणि अल्कलाइन फॉस्फटेज ५१०, म्हणजे सव्वाचार पट. गुणोत्तर १ च्याही खाली आलं. टोटल ९.६ झालं. आता चित्र स्पष्ट आहे, पेशींची सांडलवंड थांबलीय आणि पित्त अडलेलंच आहे.

या दोन दिवसांत सोनोग्राफी झालेली असतेच, तिच्यासाठी थांबायचं नसतं. तिच्यात गॉल ब्लॅडरमध्ये खडे दिसले आणि मोठी पित्तनलिका ११ मिलिमीटर रुंद, नॉर्मली ती ६ मिलिमीटरच्या आसपास असते. खडा मात्र दिसला नाही, "खालचा भाग गॅसमुळे दिसत नाही" असं लिहिलंय. हे वाक्य वाचून लोक म्हणतात खडा नाही, तसं नाही, नलिकेचं खालचं टोक आतड्याच्या मागे असतं आणि तिथला खडा सोनोग्राफीला बरेचदा सापडत नाही. फुगलेली नलिका हाच पुरावा, खालचं टोक बघायला एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय केला आणि तिथे ७ मिलिमीटरचा खडा निघाला.

आणि आयएनआर १.५? व्हिटॅमिन के १० मिलीग्रॅम शिरेतून दिलं, दुसऱ्या दिवशी १.१. म्हणजे लिव्हर घटक बनवू शकत होतं, फक्त व्हिटॅमिन मिळत नव्हतं. पेशीच संपल्या असत्या तर इंजेक्शनने एवढा फरक पडला नसता. मला ही तपासणी फार आवडते, एका इंजेक्शनमध्ये उपचारही होतो आणि उत्तरही मिळतं. नंतर ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, खडा काढला आणि पुढे गॉल ब्लॅडर काढायचं ठरलं, कारण तिथे बाकीचे खडे आहेतच.

नलिका फुगलेली नसेल पण अल्कलाइन फॉस्फटेज खूप असेल तर?

तर अडथळा लिव्हरच्या आतल्या बारीक नळ्यांमध्ये असू शकतो. काही औषधं हे करतात, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट त्यातलं नेहमीचं, आणि कोर्स संपून काही आठवड्यांनीही कावीळ येऊ शकते, त्यामुळे मागच्या दोन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं ते सांगा. बाहेरून लक्षणं हुबेहूब ब्लॉकेजसारखी असतात, खाज, फिकट संडास, गडद लघवी, सगळं. फक्त खडा अगदी ताजा अडकला असेल तर पहिल्या काही तासांत नलिका फुगायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून संशय असेल तर सोनोग्राफी पुन्हा करतात.

काहीच दुखत नाही, फक्त डोळे पिवळे आणि खाज. मग बरंच आहे ना?

साठीच्या आसपासच्या माणसात कळ न येता हळूहळू वाढत जाणारी कावीळ, सोबत वजन उतरलेलं, कधी नव्याने डायबेटिस सापडलेला, असं असेल तर स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर आधी वगळावा लागतो. पोट तपासताना गॉल ब्लॅडर हाताला फुगलेलं आणि न दुखणारं लागलं तर संशय वाढतो, कारण वर्षानुवर्षं खडे असलेलं गॉल ब्लॅडर जाड आणि आखडलेलं असतं, ते सहसा फुगत नाही. "दुखत नाही, थोडे दिवस बघू" यात इथे फार मोलाचे आठवडे जातात. सोनोग्राफी त्याच आठवड्यात करा, आणि त्यात कारण सापडलं नाही तर सीटी स्कॅन करायला सांगतील, तो टाळू नका.

कावीळ आणि थंडी वाजून ताप?

त्याच दिवशी हॉस्पिटल. अडलेल्या पित्तात जंतू वाढले की ते दाबाने रक्तात जातात, कोलँजायटिस म्हणतात त्याला. थंडी-ताप, कावीळ आणि उजवीकडे वर दुखणं हे तीन एकत्र येतात, आणि पुढे बीपी खाली जाऊन माणूस गोंधळायला लागतो. अँटिबायोटिक लागतंच पण तेवढ्याने भागत नाही, नलिका मोकळी करावी लागते.

बाळ पिवळं आहे, हे त्यातलं कुठलं?

बहुतेक बाळांमध्ये लिव्हरच्या आधीचं आणि लिव्हरमधलं दोन्ही थोडं थोडं, तांबड्या पेशी जास्त आणि कमी आयुष्याच्या, आणि यूजीटी१ए१ अजून कच्चं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं आणि वेळेवर जन्मलेल्या बाळात दोन आठवड्यांत उतरतं. पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं तर ते नॉर्मल धरत नाहीत, रक्तगट न जुळल्याने पेशी फुटतायत का ते लगेच बघतात, कारण न विरघळणारं बिलिरुबिन फार वाढलं तर बाळाच्या मेंदूत शिरतं. निळ्या उजेडाखाली ठेवतात ते बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलायला, मग ते कॉन्ज्युगेशनशिवायच पित्तातून जाऊ शकतं.

दोन आठवड्यांनंतरही पिवळं असेल तर शी आणि लघवी बघा. शी पांढरट-फिकट आणि लंगोट पिवळा होईल अशी लघवी असेल तर ही लिव्हरच्या पुढची कावीळ असू शकते, बिलिअरी अट्रेशिया म्हणजे नलिकाच बंद होत गेलेली. डायरेक्ट बिलिरुबिन तपासायला सांगा. यात कासाई नावाचं ऑपरेशन करतात आणि ते ६० दिवसांच्या आत झालं तर निकाल जास्त चांगले येतात, म्हणून "आईच्या दुधाची कावीळ असेल" असं म्हणून महिना-दोन महिने घालवू नका.

खडा काढून दोन आठवडे झाले, लघवी स्वच्छ आहे पण डोळे अजून पिवळट. काही राहिलंय का?

बहुधा काही राहिलेलं नाही. डायरेक्ट बिलिरुबिन बरेच दिवस रक्तात साचून राहिलं की त्यातलं काही अल्ब्युमिनला कायमचं जोडलं जातं, त्याला डेल्टा बिलिरुबिन म्हणतात. ते किडनीतून जात नाही आणि लिव्हरही ते उचलत नाही, अल्ब्युमिन मोडेल तेव्हाच जातं, आणि अल्ब्युमिन निम्मं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. मशीन त्याला डायरेक्टमध्येच धरतं, म्हणून रिपोर्टवर डायरेक्ट अजून वाढलेलं दिसतं आणि लोक पुन्हा घाबरून येतात. वरच्या केसमधल्या बाईचं टोटल ९.६ वरून आठवड्यात ४ झालं आणि मग दोन आठवडे २ च्या आसपास रेंगाळलं, लघवी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीच साफ झाली, असं होऊ शकतं. अल्कलाइन फॉस्फटेज उतरतंय, संडास तपकिरी आहे, खाज गेलीय, लघवीत बिलिरुबिन नाही, तर वाट बघा. पण लघवी पुन्हा गडद झाली किंवा संडास पुन्हा फिकट झाली तर ते डेल्टा नाही, नलिकेत काहीतरी परत अडकलंय, पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे जा.